डोळा उघडा दिसतो, तरी सीआरसी एरर का येतात? आधी बघा, डोळा कोणत्या क्लॉकवर कापलाय

लक्षण असं होतं. दोन रॅक, मध्ये आठ मीटरची केबल आणि त्यावर १.२५ गिगाबिटची सिरीयल लिंक. एका ठरावीक कार्डाकडून येणाऱ्या डेटात साधारण दर चार मिनिटांनी एक सीआरसी एरर यायची. कार्ड उपसून परत बसवलं की दोन-तीन दिवस सगळं सुरळीत चालायचं, मग पुन्हा तेच रडगाणं. केबल तीनदा बदलून झाली होती. प्रत्येक वेळी केबल बदलताना कार्डही हलवलं जायचं, त्यामुळे प्रत्येक वेळी नव्या केबलने रोग बरा झाला असं वाटायचं. यात दीड महिना गेला.

मग स्कोप लावला. रिसीव्हरच्या बाजूला, चिपच्या पिनांजवळच्या १०० ओहमच्या टर्मिनेशनवर डिफरेन्शियल प्रोब सोल्डर केला आणि आय डायग्राम काढला, म्हणजे सगळे बिट एकावर एक ठेवलेलं चित्र; मधली मोकळी जागा तो डोळा. डोळा चांगला उघडा! मास्क टेस्टही पास. "सिग्नलला काही झालेलं नाही, सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा," असं ठरून बैठक संपलीसुद्धा. चूक तिथेच झाली, आणि मीही त्या बैठकीत मान डोलावत होतो.

पहिली गोष्ट हिशेबाची. १.२५ गिगाबिटला दर चार मिनिटांत एक चूक म्हणजे सुमारे ३०० अब्ज बिटांत एक. स्कोपच्या एका कॅप्चरमध्ये मावत होते सव्वा लाख बिट. म्हणजे चुकणारा बिट पडद्यावर दिसण्याची शक्यता जवळजवळ शून्य. मास्क पास झाला याचा अर्थ इतकाच, की त्या सव्वा लाखांत काही वाईट घडलं नाही. आय डायग्राम चूक पकडायला नसतोच. कडा आणि पातळ्या कशा पसरल्यात ते त्यात दिसतं, आणि त्या पसरण्याच्या आकारावरून लाख-कोटी बिटांपुढे काय होईल याचा अंदाज आपल्याला बांधायचा असतो. म्हणून डोळा उघडा आहे की मिटलेला यापेक्षा कडांचा आकार कसा आहे हे बघायला हवं.

उभ्या बाजूपासून सुरुवात करू, कारण ती आमच्या केसमध्ये निर्दोष होती आणि पटकन संपते. १.२५ गिगाबिटला एक बिट ८०० पिकोसेकंदांचा. त्याच्या बरोबर मध्यावर एक अरुंद उभी पट्टी घेऊन व्होल्टेजचा हिस्टोग्राम काढला. वर आणि खाली दोन-दोन रेषा दिसल्या. सलग अनेक १ आले की पातळी ३८० मिलिव्होल्टपर्यंत चढायची, आणि ० च्या रांगेत एकटाच १ आला तर तो २३० पर्यंतच पोचायचा. आठ मीटर केबल उंच फ्रीक्वेन्सी खाते, त्याचा हा परिणाम. खालची बाजू तशीच, आरशातल्यासारखी. मार्जिन मोजताना बाहेरची रेषा कामाची नाही, आतली धरायची. कारण रिसीव्हर चुकला तर त्या एकट्या बिटावर चुकेल. आतल्या दोन रेषांमध्ये ४६० मिलिव्होल्टचं अंतर, प्रत्येक रेषेची जाडी सिग्मामध्ये ९ मिलिव्होल्ट. एक लाख कोटी बिटांत एक चूक, म्हणजे १० चा उणे १२ वा घात, हे लक्ष्य धरलं तर दोन्हीकडून सात-सात सिग्मा सोडायचे. ४६० वजा १२६, उरले ३३४ मिलिव्होल्ट. रिसीव्हरला लागतात २००. म्हणजे दोन्ही बाजूंना ६७-६७ मिलिव्होल्ट हातात. नॉइज मार्जिनची तक्रार करायला जागाच नव्हती.

बरेचजण स्कोपने आपोआप दिलेला 'आय हाइट' आकडा उचलतात. तो सहसा तीन सिग्मा सोडून काढलेला असतो आणि सगळ्या वरच्या पातळ्यांची सरासरी एकत्र धरतो. दोन वेगळ्या रेषा दिसत असताना त्यांची एक सरासरी आणि एक सिग्मा काढणं म्हणजे धाकट्या आणि थोरल्या भावाची उंची एकत्र करून शर्ट शिवण्यासारखं आहे. हिस्टोग्राम डोळ्यांनी बघा आणि आतली रेषा वेगळी मोजा.

आता आडवी बाजू. जिटर म्हणजे कडांचं वेळेत पुढे-मागे सरकणं. तो बघायचा क्रॉसिंगवर, म्हणजे चढती आणि उतरती कड जिथे शून्य व्होल्टला एकमेकींना छेदतात तिथे. तिथे आडवी पट्टी घेऊन वेळेचा हिस्टोग्राम काढायचा. पट्टी जेमतेम काही मिलिव्होल्ट उंच ठेवा. उंच घेतली तर कडेचा उतारच त्यात मोजला जातो आणि जिटर फुगून दिसतो. पर्सिस्टन्सही इन्फिनिट न ठेवता रंगांची श्रेणी दाखवणारा ठेवा. इन्फिनिटमध्ये लाखातून एकदा गेलेली रेषा आणि हजारदा गेलेली रेषा सारखीच दिसते, आणि आपल्याला तर दाटी कुठे आहे तेच बघायचं असतं.

आमच्या पहिल्या डोळ्यात क्रॉसिंग थोडं जाडसर होतं, मधे दोन-तीन पट्टे आणि कडेला धूसर झाक. पट्टे केबलमुळे आलेले, ते अपेक्षितच होते. धूसरपणाकडे कुणी लक्ष दिलं नाही. मलाही तो खटकला दुसऱ्या दिवशी, सेटिंग चाळताना.

इथेच सगळी मेख आहे. डोळा काढताना स्कोप सिग्नलचे बिट-बिट लांबीचे तुकडे करतो आणि एकावर एक ठेवतो. ते तुकडे कुठे कापायचे हे ठरवतो एक क्लॉक. केबलमधून वेगळा क्लॉक येत नाही, म्हणून स्कोप तो डेटामधूनच काढतो, सॉफ्टवेअरमधल्या पीएलएलने. त्या पीएलएलची लूप बँडविड्थ जितकी जास्त तितका तो कडांच्या मागे मागे धावतो. कडा सावकाश पुढे-मागे सरकत असतील तर कापायची कात्रीही त्यांच्याबरोबर सरकते आणि डोळ्यात काहीच हललेलं दिसत नाही. झोपाळ्यावर बसून झोपाळा किती हलतो ते मोजायचं, तसला प्रकार.

आमच्या स्कोपवर लूप बँडविड्थ होती ४ मेगाहर्ट्झ. आधी कुणीतरी त्याच स्कोपवर १० गिगाबिटची लिंक मोजली होती. तिथे ४ मेगाहर्ट्झ बरोबरच असतं, पण ते सेटिंग तसंच राहिलं. १.२५ गिगाबिटला रिसीव्हरमधला क्लॉक रिकव्हरी सर्किट इतका चपळ नसतो. फायबर चॅनलपासून चालत आलेला नियम म्हणजे बाउड रेट भागिले १६६७, इथे ७५० किलोहर्ट्झ. आमच्या रिसीव्हरची डेटाशीट त्याच आसपासचा आकडा देत होती. म्हणजे कडा एक-दोन मेगाहर्ट्झने डोलत असतील तर स्कोप त्यांच्याबरोबर डोलत होता आणि रिसीव्हर बिचारा मागे पडत होता.

लूप बँडविड्थ ७५० किलोहर्ट्झ केली आणि त्याच क्षणी डोळ्याचे दोन्ही कोपरे सुजले. क्रॉसिंगवर जिथे जाडसर रेघ होती तिथे रुंद पट्टा आला. केबल, कार्ड, प्रोब यांतलं काहीही हललं नव्हतं.

आता हा पट्टा कसला ते ठरवायचं होतं. केबलमुळे येणारा जिटर डेटाच्या पॅटर्नवर अवलंबून असतो, तर क्लॉक किंवा पॉवरकडून येणारा नसतो. म्हणून ट्रान्समीटरला नेहमीच्या डेटाऐवजी `D21.5` पाठवत ठेवलं. ८बी/१०बी कोडमध्ये हे अक्षर १०१०१०१०१० असं जातं, म्हणजे नुसती घड्याळासारखी टिकटिक. प्रत्येक बिटाचा शेजारी सारखाच, त्यामुळे केबलला वेगवेगळा परिणाम करायला वावच नाही. मघाचे पट्टे नाहीसे झाले. रुंदी मात्र पुष्कळ उरली, आणि हिस्टोग्रामचा आकार स्वच्छ दिसला: दोन टोकांना दोन शिंगं आणि मध्ये खळगा. हा साइन लाटेचा ठसा. झोका दोन्ही टोकांना क्षणभर रेंगाळतो आणि मधून झपकन जातो, म्हणून टोकांना दाटी जास्त. नुसता रँडम नॉइज असता तर घंटेसारखा एकच उंचवटा दिसला असता. दोन शिंगांऐवजी दोन सुटे बारीक सुळके दिसले असते, तर १ आणि ० ची रुंदी असमान झाल्याचा संशय घ्यायचा.

उभ्या नॉइजमुळेच कडा हलतायत का, हीही खातरजमा करून घेतली. क्रॉसिंगपाशी कडेचा चढ साधारण २ मिलिव्होल्ट प्रति पिकोसेकंद. ९ मिलिव्होल्टचा नॉइज त्या चढावर ४.५ पिकोसेकंदांचा जिटर देतो. दिसत होते २३७. त्यामुळे ती वाट बंद झाली. हा भागाकार एका मिनिटाचा आहे, पण त्याने पुष्कळ भांडणं मिटतात.

२३७ हा आकडाही पुरता खरा नव्हे, कारण ७५० किलोहर्ट्झचा लूपसुद्धा थोडा लपवतोच. किती लपवतो, ते असं काढता येतं:

```
visible = r / sqrt(1 + r^2),   r = f_jitter / f_loop

f_jitter = 1.2 MHz
f_loop = 4 MHz     -> 0.29
f_loop = 0.75 MHz  -> 0.85
```

यातला १.२ मेगाहर्ट्झ आला `TIE` च्या स्पेक्ट्रममधून. `TIE` म्हणजे प्रत्येक कड अपेक्षित जागेपासून किती पुढे किंवा मागे पडली त्याची यादी. तिचा स्पेक्ट्रम काढला की डोलण्याची फ्रीक्वेन्सी सरळ वाचता येते. फक्त कॅप्चर पुरेसा लांब हवा. आमचा होता १०० मायक्रोसेकंदांचा, त्यात १.२ मेगाहर्ट्झची १२० आवर्तनं बसतात, म्हणून टोक सुईसारखं आलं. एक मायक्रोसेकंदाचाच कॅप्चर घेतला असता तर जेमतेम एक आवर्तन सापडलं असतं आणि त्यातून काही कळलं नसतं.

मूळ डोलणं होतं २८० पिकोसेकंद, टोकापासून टोकापर्यंत. ४ मेगाहर्ट्झच्या लूपने त्यातले ८०च दाखवले. तेच ते कडेचं धूसरपण. एकूण जिटरचा हिशेब असा:

```
TJ = DJ + 14 * RJ        (BER 1e-12)

f_loop 4 MHz    : 180 + 80  + 14*7 = 358 ps = 0.45 UI
f_loop 0.75 MHz : 180 + 237 + 14*7 = 515 ps = 0.64 UI
```

यूआय म्हणजे एका बिटाची लांबी, इथे ८०० पिकोसेकंद. `DJ` मध्ये १८० पिकोसेकंद केबलचे आणि बाकीचे डोलण्याचे, ७ हा रँडम जिटरचा म्हणजे `RJ` चा सिग्मा. केबलचं टोक आणि डोलण्याचं टोक दरवेळी एकाच क्षणी गाठ पडत नाहीत, म्हणून नुसती बेरीज थोडी जास्तच येते. ती वरची मर्यादा समजा. पण रिसीव्हरची सहनशक्ती ०.६५ यूआय, आणि त्यातही वेगाने डोलणारा साइन जिटर ०.१ यूआयपर्यंतच चालेल असं डेटाशीट सांगते. आमचा तो ०.३५ होता. दर चार मिनिटांनी एकच एरर येत होती, याचंच नवल.

पुढे १.२ मेगाहर्ट्झचा मालक शोधायला फारसा वेळ लागला नाही. ट्रान्समीटर कार्डावरचा स्विचिंग रेग्युलेटर त्याच फ्रीक्वेन्सीला चालतो. पण तो तर अकराही कार्डांवर होता, आणि दुखणं एकाच कार्डाला! रेग्युलेटरपासून ट्रान्समीटरच्या पीएलएलच्या पिनपर्यंत जाणाऱ्या पॉवरमध्ये एक फेराइट बीड आहे, १०० मेगाहर्ट्झला ६०० ओहमचा. त्याच्या पुढे १० मायक्रोफॅरड आणि अगदी पिनजवळ २२ नॅनोफॅरड. रेग्युलेटरच्या तोंडाशी रिपल होता ८ मिलिव्होल्ट, तो रास्तच. बीडच्या पुढे तो जवळजवळ नाहीसा व्हायला हवा. कार्ड काढून एक्स्टेंडरवर लावलं आणि मोजलं, तर खरंच काही नाही. डोळाही स्वच्छ! परत रॅकमध्ये टाकलं, पॅनलचे स्क्रू आवळले, की शिंगं हजर.

आमच्या टेस्ट विभागात एक काका आहेत, सोल्डरिंगमध्ये हात बसलेला. ते म्हणाले, "साहेब, एक्स्टेंडरवर कार्ड मोकळं बसतंय. रॅकमध्ये ते पिळलं जात असणार. मला वायर काढून द्या, मी आत कोॲक्स टाकतो." त्यांनी बीडच्या पुढच्या पॅडवर आणि शेजारच्या ग्राउंडवर बारीक कोॲक्स सोल्डर केली, रॅकमधून बाहेर काढली आणि कार्ड जागेवर बसवलं. प्रोबची लांब ग्राउंड वायर असले रिपल मोजायला वापरू नका. तिचा लूप रेग्युलेटरच्या कॉइलची हवा खातो आणि नसलेला रिपल दाखवतो. कोॲक्सवर आकडा आला ३० मिलिव्होल्ट. म्हणजे फिल्टरच्या आधी ८ आणि फिल्टरच्या नंतर ३०.

फिल्टर रिपल वाढवतोय म्हटल्यावर रेझोनन्सच आठवायला हवा. त्या बीडचं इंडक्टन्स कमी फ्रीक्वेन्सीला सुमारे १ मायक्रोहेन्री. १० मायक्रोफॅरडबरोबर त्याचा रेझोनन्स ५० किलोहर्ट्झला पडतो, १.२ मेगाहर्ट्झपासून कोसभर लांब, तिथे फिल्टर नीट काम करतो. पण १० मायक्रोफॅरड सर्किटमधून गळाला आणि २२ नॅनोफॅरडच उरला तर रेझोनन्स येतो १.०७ मेगाहर्ट्झला, रेग्युलेटरच्या फ्रीक्वेन्सीला अगदी खेटून. तिथे सुमारे चौपट वाढ होते. आठ चोक बत्तीस, मोजलेले तीस.

काकांनी मग प्लॅस्टिकची काडी घेतली आणि पॅनलच्या फटीतून, स्क्रूजवळ बसवलेल्या त्या १० मायक्रोफॅरडच्या बाजूला बोर्ड हलकेच दाबला. मी स्कोपसमोर. काडी दाबली की क्रॉसिंगचा रुंद पट्टा आखडून रेघ होई, सोडली की पुन्हा दोन शिंगं फुटत. पाच-सहा वेळा केलं, दरवेळी तेच. कपॅसिटर काढून भिंगाखाली धरला तेव्हा एका टोकाकडून तिरकी भेग आत गेलेली दिसली. सिरॅमिक कपॅसिटरला बोर्ड वाकल्यावर अशीच भेग पडते. भेगेच्या दोन बाजू टेकल्या की तो चालतो, दूर गेल्या की नाही. कार्ड उपसून बसवलं की बरं वाटायचं त्याचं कारण हेच: प्रत्येक वेळी पीळ थोडा वेगळा बसायचा.

कपॅसिटर नवा घातला, लवचिक टर्मिनेशनचा. क्रॉसिंगवर केबलचे पट्टे तेवढे उरले. एकूण जिटर २७८ पिकोसेकंद, ०.३५ यूआय. दुरुस्ती झाली म्हणायला किती वेळ लिंक चालवायची याचाही हिशेब आहे. एकही चूक न होता ३,००० अब्ज बिट गेले, तर एरर रेट १० च्या उणे १२ व्या घाताच्या खाली आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं, आणि १.२५ गिगाबिटला त्याला ४० मिनिटं लागतात. आमचा रोग पिळावर अवलंबून होता, म्हणून आम्ही स्क्रू सैल, घट्ट आणि एकच बाजू घट्ट अशा तिन्ही अवस्थांत ४०-४० मिनिटं चालवली. एकही एरर नाही.

एक मर्यादा सांगायला हवी. हे सगळं पिनांवर मोजलेल्या डोळ्याचं झालं. रिसीव्हरच्या आत इक्वलायझर असेल, आणि पाच गिगाबिटच्या पुढे तो बहुधा असतोच, तर पिनांवर मिटलेला डोळा आत उघडलेला असू शकतो. केबलचे पट्टे इक्वलायझर पुसतो, १.२ मेगाहर्ट्झचं डोलणं मात्र त्याला पुसता येत नाही. अशा लिंकवर चिपच्या आतला आय स्कॅन असेल तर तोही काढा. पण शिंगं आहेत का ते बाहेरच्या स्कोपवरच, लूप बँडविड्थ तपासून, बघा.

बाकीची दहा कार्डंही रॅकमधून न काढता, स्क्रू आवळलेले ठेवून, ७५० किलोहर्ट्झवर तपासली. आणखी दोन कार्डांवर बारीक शिंगं निघाली, अजून एरर न देणारी. पुढच्या बोर्डात तो कपॅसिटर स्क्रूपासून १५ मिलिमीटर लांब नेला आणि बोर्डाच्या कडेला समांतर बसवला.